कोड कुणालाही सांगितला नाही, तरी व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हाती

'माझी मामेबहीण नृत्यस्पर्धेच्या अंतिम फेरीत आहे. प्लीज एक मत दे, मिनिटभराचं काम आहे.' खाली लिंक. पाठवणारी व्यक्ती ओळखीची, नंबर तिचाच, आधीच्या गप्पाही त्याच चॅटमध्ये वर दिसतायत. संशय यावा असं काहीच नाही. निरोप खरोखरच तिच्या खात्यातून आलेला असतो, फक्त तो तिने लिहिलेला नसतो.

समजा, तुम्ही लिंक उघडली. दोन-तीन मुलींचे फोटो, प्रत्येकीची मतसंख्या आणि 'मत द्या' असं बटण. ते दाबलं की पान म्हणतं, एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये म्हणून व्हॉट्सॲपने पडताळणी करा. मग तुमचा मोबाइल नंबर मागितला जातो. पासवर्ड नाही, बँकेचा तपशील नाही, फक्त नंबर.

खरा डाव इथे सुरू होतो. व्हॉट्सॲप संगणकावर वापरायचं असेल तर सहसा आपण क्यूआर कोड स्कॅन करतो. पण फोनच्याच पडद्यावर दिसणारा क्यूआर त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार? म्हणून चोर दुसरा अधिकृत मार्ग धरतो: नंबर टाकून डिव्हाइस जोडण्याचा. तुम्ही पानावर नंबर लिहिता, तेव्हा चोराची यंत्रणा तोच नंबर व्हॉट्सॲप वेबवर भरते. तिथे ८ अक्षरांचा कोड तयार होतो. तो लगेच मतदानाच्या पानावर तुम्हाला दाखवला जातो, 'हा तुमचा मतदान कोड, व्हॉट्सॲपमध्ये टाका' अशा सूचनेसह. त्याच वेळी तुमच्या फोनवर व्हॉट्सॲपची सूचना येते. ती अस्सल असते, म्हणून विश्वास आणखी वाढतो. तुम्ही कोड टाकता आणि चोराचा ब्राउझर तुमच्या खात्याला जोडला जातो.

ओटीपी कुणालाही सांगू नका, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते अंगवळणी पडलंय. इथे मात्र तो नियम मोडलेलाच नाही. ओटीपी तुमच्याकडे येतो आणि चोर तो काढून घ्यायला बघतो. हा कोड चोराकडून येतो आणि तुम्ही तो अस्सल ॲपमध्ये भरता. दिशा उलटी आहे. सावध माणसंही इथे फसतात ती यामुळेच, आणि त्यांना निष्काळजी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

मग संदेशांच्या कुलूपबंदीचं, म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचं काय? ते शाबूत असतं, पण उपयोगाचं नसतं. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेल्या प्रत्येक डिव्हाइसची स्वतःची किल्ली असते आणि तुम्हाला येणारा संदेश प्रत्येक डिव्हाइससाठी वेगळा कुलूपबंद होऊन पोहोचतो. चोराचा ब्राउझर आता तुमचंच एक डिव्हाइस असल्याने त्यालाही त्याची प्रत मिळते. शिवाय डिव्हाइस जोडताना तुमचा फोन अलीकडच्या गप्पाही त्याच्याकडे पाठवतो. आधार-पॅनचे फोटो, बँकेचे स्क्रीनशॉट असं काय काय आपण घरच्यांना पाठवलेलं असतं, ते आठवून पाहा.

दोन टप्प्यांच्या पडताळणीचा ६ अंकी पिनही इथे आड येत नाही. तुमचा नंबर कुणी दुसऱ्या फोनवर नव्याने नोंदवू पाहिला, तर तो पिन कामी येतो. डिव्हाइस जोडताना तो विचारला जात नाही.

सगळ्यात घातक बाब ही, की तुमच्या फोनवर काहीच बिघडत नाही. तुम्ही बाहेर फेकले जात नाही, संदेश येत-जात राहतात. चोर दरम्यान तुमच्या नावाने तीच लिंक पुढच्यांना पाठवतो, किंवा 'यूपीआय चालत नाहीये, जरा पैसे पाठव' असं एखाद्या जवळच्या नातेवाइकाला लिहितो. बहुतेकदा खरी गोष्ट कळते ती कुणीतरी फोन करून विचारल्यावर.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. अँड्रॉइडवर वरचे तीन ठिपके, आयफोनवर सेटिंग्ज, आणि तिथे `Linked devices`. यादीत अनोळखी ब्राउझर किंवा संगणक दिसला, तर त्यावर टॅप करून `Log out` करा. मुख्य फोन तुमच्याच हातात असल्याने चोराला हाकलण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. त्यानंतर ज्यांना तुमच्या नावाने निरोप गेले असतील त्यांना फोन करून सांगा, कारण त्यांच्यातल्या कुणी कोड टाकला असेल तर त्यांच्या यादीतही तसाच पाहुणा बसलेला असेल. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. लॉगआउटमुळे पुढचे संदेश चोराकडे जाणं थांबतं, पण त्याने आधीच उतरवून घेतलेल्या गप्पा आणि फोटो परत येत नाहीत. त्यामुळे चॅटमध्ये कुठले पासवर्ड लिहिलेले असतील तर ते त्याच दिवशी बदलावे लागतात.