फोटोतल्या नेटवरून ठोकळा: समोरची बाजू कुठली आणि रंग किती तुकड्यांना

रीझनिंगच्या पेपरात हल्ली प्रश्न असा येतो की कागदावर कापलेल्या नेटचा फोटो दिलेला असतो, सहा चौकोन एकमेकांना चिकटलेले, आणि विचारतात की याची घडी घातली तर १ च्या विरुद्ध कुठला आकडा येईल. मग पुढे अजून एक शेपूट, की अमुक बाजूंना रंग देऊन ठोकळ्याचे ६४ तुकडे केले तर बिनरंगाचे किती. हे दोन वेगळे प्रश्न वाटतात पण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच अडकलेलं असतं, ते कसं ते एकाच नेटवर बघू.

```
१ २ . .
. ३ ४ .
. . ५ ६
```

जिन्यासारखं नेट आहे. सरळ पट्टीतला नियम बहुतेकांना पाठ असतो, एक चौकोन सोडून पुढचा तो विरुद्ध, पण इथे तीन चौकोन एका रेषेत कुठेच नाहीत, त्यामुळे तो नियम लागतच नाही आणि मग लोक मनातल्या मनात घड्या घालायला लागतात, तिसऱ्या घडीला सगळा गुंता. घडी घालूच नका. ठोकळा नेटवरून लोळवा.

म्हणजे असं, ठोकळा १ वर ठेवलाय, खालची बाजू १ ची. आता उजवीकडे लोळवून २ वर आणला, की १ ची बाजू खालून उठून डावीकडे उभी राहते. मग स्वतःकडे लोळवून ३ वर आणा. डावीकडची बाजू डावीकडेच, ती फक्त जागच्या जागी फिरली, हलली नाही. आता परत उजवीकडे, ४ वर, आणि डावीकडची बाजू थेट वर जाते. खाली ४, वर १. झालं, १ च्या विरुद्ध ४.

यातून निघणारा नियम एवढाच की एका दिशेला एक पाऊल टाका, मग त्या दिशेला आडवं, म्हणजे काटकोनात, हवं तितकं चाला (नाही चाललात तरी चालेल), मग परत त्याच पहिल्या दिशेला एक पाऊल, जिथे पोचाल तो विरुद्ध चौकोन. आडवं शून्य पावलं चाललात तर तो आपला जुना सरळ पट्टीचा नियमच. २ वरून खाली, उजवीकडे, खाली, म्हणजे ५. ३ वरून उजवीकडे, खाली, उजवीकडे, म्हणजे ६. जोड्या १-४, २-५, ३-६. खऱ्या फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज ७ असते म्हणून डोळे मिटून १ समोर ६ लिहिणारे इथे हमखास आपटतात, नेट दिलंय तर बेरीज विसरायची, नेट सांगेल तेच खरं.

आणि दुसरं पाऊल उलट दिशेला पडलं तर? उजवीकडे, मग खाली, मग परत डावीकडे. तेव्हा डावीकडे उभी असलेली बाजू पुन्हा खाली येते, म्हणजे दोन चौकोन ठोकळ्याची एकच बाजू झाकायला भांडतात आणि दुसरी कुठलीतरी बाजू उघडी राहते. म्हणून ज्या आकारात २×२ चा चौक किंवा इंग्रजी U सारखं वळण आहे त्याचा ठोकळा होतच नाही. सहा चौकोन कडेला कड लावून जोडायचे ३५ आकार आहेत, त्यातल्या फक्त ११ चा ठोकळा बनतो.

आता रंग. समजा प्रश्न म्हणतो १, ३ आणि ४ या बाजू रंगवल्या, ठोकळ्याचे ४×४×४ तुकडे केले. इथे एका कडेवरचे तुकडे n धरून (n−२)³ हे सूत्र लावायला हात शिवशिवतात, पण ते फक्त सहाच्या सहा बाजू रंगवल्या तरच. त्यापेक्षा जोडीजोडीने विचार करा. १-४ च्या दिशेला तुकड्यांचे चार थर आहेत, दोन्ही टोकं रंगलेली, ते दोन थर काढले की उरले २. ३-६ च्या दिशेला एकच टोक रंगलंय, उरले ३. २-५ ला रंगच नाही, ४ च्या ४ उरले. बिनरंगाचे २×३×४ = २४.

आता तोच ठोकळा, रंगवलेल्या बाजूही तीनच, पण १, २, ३. आता प्रत्येक जोडीतली एकेकच बाजू रंगली, सगळ्या दिशांना एकेक थर गेला, ३×३×३ = २७. बाजू तितक्याच, रंगही तितकाच, तरी तीन तुकडे जास्त कोरे राहिले, कारण या वेळी तिन्ही रंगलेल्या बाजू एका कोपऱ्यावर भेटतात, तीन कडांवर तुकडे सामायिक होतात. पहिल्या वेळी १ आणि ४ एकमेकांना शिवतच नव्हत्या. म्हणूनच म्हटलं की आधी जोड्या लावल्याशिवाय मोजणीला हात घालू नये.

दोन बाजू रंगलेले तुकडे पहिल्या केसमध्ये फक्त दोन कडांवर मिळतात, १-३ ची आणि ३-४ ची, प्रत्येकी ४, म्हणजे ८. तीन बाजू रंगलेला एकही नाही. एकूण रंगलेले ६४−२४ = ४०, त्यातून ८ वजा, एक बाजू रंगलेले ३२. ताळा बघायची सोपी युक्ती आहे, तीन बाजूंवर प्रत्येकी १६ म्हणजे ४८ रंगलेले छोटे चौकोन असायला हवेत, आणि ३२ + ८×२ = ४८. जमलं. हा ताळा जुळला नाही तर बहुतेक वेळा कडेवरचे तुकडे दोनदा मोजलेले असतात.

आता फोटोची भानगड. तिरका काढलेला असेल तर चौकोन चौकोन दिसत नाहीत, लांबचे बारीक होतात, त्याने काही बिघडत नाही, आपल्याला फक्त कोण कोणाला कडेने चिकटलंय एवढंच हवं. बिघडतं ते चिकटलेलं आणि नुसतं टेकलेलं यात गल्लत झाली की. आपल्या नेटमध्ये १ आणि ३ कोपऱ्याला कोपरा लावून आहेत, कागद जरा मुडपला तर फोटोत ते कडेने जोडल्यासारखे दिसू शकतात. कधी गोंद लावायच्या पट्ट्याही चौकोनात धरल्या जातात, म्हणून आधी सहा मोजा, सात भरले तर एक नक्की पट्टी आहे. आणि आकडे इंग्रजी असून कागद उलटा धरलेला असेल तर 6 आणि 9 ची अदलाबदल ठरलेलीच.

सगळ्यात छुपा घोळ म्हणजे सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला, आरशासारखा उलटलेला फोटो. गंमत अशी की विरुद्ध जोड्या त्याने बदलत नाहीत, लोळवायचा नियम डावं-उजवं बघतच नाही, आणि रंगाची मोजणीही तीच येते. बदलतो तो फिरण्याचा क्रम. आपल्या नेटमध्ये १, २, ३ ज्या कोपऱ्यावर भेटतात तिथे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने येतात, छापील बाजू बाहेर ठेवून घडी घातली तरी बाहेरून तसेच दिसतात, उलट्या फोटोत मात्र काट्यांच्या विरुद्ध. म्हणजे 'यातला कुठला ठोकळा या नेटपासून बनेल' असा प्रश्न असेल तर तिथे पर्याय चुकणार. आकडे असतील तर २, ३ उलटे लिहिलेले दिसून चोरी पकडता येते, पण नेटवर नुसते ठिपके किंवा रंग असतील तर फोटो उलटलाय की नाही हे कळायला त्या फोटोत काहीच नसतं, तेव्हा जोड्या आणि मोजणी सोडवा, फिरण्याच्या क्रमावरचं उत्तर मूळ कागद बघितल्याशिवाय देऊ नका.