फ्लॅटचा ताबा लांबला तर: महारेरासाठी पत्रव्यवहाराची फाइल अशी ठेवा

करारात दिलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार पैसे व्याजासह परत मागता येतात. घर सोडायचे नसेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज मागता येते. ही तक्रार महारेराकडे ऑनलाइन करायची असते. करारात खरेदीदार म्हणून दोघांची नावे असतील तर तक्रारही दोघांच्या नावाने करावी.

सगळे प्रकरण दोन गोष्टींवर उभे राहते: ताब्याची तारीख आणि भरलेली रक्कम. म्हणून फाइलचेही दोनच भाग करा.

पहिल्या भागात सर्वांत वर नोंदणीकृत करार आणि सूची क्रमांक 2 ठेवा. करारातल्या ताब्याच्या कलमाला खूणचिठ्ठी लावा. त्याखाली बिल्डरची पत्रे आणि ईमेल तारखेच्या क्रमाने लावा. इथे एक घोटाळा नेहमी होतो. बिल्डर महारेराकडून प्रकल्पाला मुदतवाढ घेतो आणि तीच नवी तारीख म्हणून सांगतो. पण मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे की, व्याजासाठी खरेदीदाराच्या करारातलीच तारीख धरायची. त्यामुळे नव्या तारखेच्या पुरवणी करारावर विचार न करता सही करू नका. साइट ऑफिसात किंवा फोनवर तोंडी आश्वासन मिळाले, तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘आज आपण ताबा जूनमध्ये देऊ असे सांगितले. करारातील तारखेनुसार असलेले माझे हक्क मी राखून ठेवत आहे.’ व्हॉट्सअॅपवरचे बोलणे एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मूळ फोनमधून ते पुसू नका.

दुसऱ्या भागात प्रत्येक हप्त्यासाठी मागणीपत्र, बँकेची नोंद आणि पावती एकत्र टाचा. समजा, कांदिवलीतल्या फ्लॅटचे 85 लाख रुपये भरले आणि ताबा 31 डिसेंबर 2023 ला मिळायचा होता. पावत्यांची बेरीज मात्र 84,15,000 येते. उरलेले 85,000 म्हणजे तुम्ही कापून सरकारकडे भरलेला 1 टक्का टीडीएस. त्याचे फॉर्म 16बी फाइलला नसतील, तर रकमेवरूनच वाद सुरू होतो. व्याजाचा दर समजण्यापुरता 10 टक्के धरला, तरी 1 जानेवारी 2024 पासून महिन्याला सुमारे 70,800 रुपये होतात.

दोन्ही भागांच्या आधी, फाइलच्या सुरुवातीला एक यादी ठेवा: अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, पोहोचल्याचा पुरावा. स्पीड पोस्टचा ट्रॅकिंग तपशील लगेच छापून घ्या, तो कायम दिसत नाही.

ताबापत्रावर बहुधा ‘कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असे वाक्य असते. ते काढायला सांगा. नकार मिळाला तर सहीजवळ ‘विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून’ असे लिहा, फोटो काढा आणि तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलने पाठवा.