रक्ताचं बिल आणि ‘बदली’ची पावती: क्लेममधल्या एका कपातीची पार्श्वभूमी

डेंग्यूच्या दिवसांत क्लेमच्या फायलींमध्ये एक गुलाबी किंवा पिवळी पावती हमखास सापडते. ती रुग्णालयाची नसते. रुग्णालयाला स्वतःची रक्तपेढी नसली की नातेवाईक चिठ्ठी घेऊन गावातल्या रक्तपेढीत धावतात, तिथेच पैसे भरतात आणि बर्फाच्या पेटीतून पिशवी घेऊन येतात. त्यामुळे ‘कॅशलेस’ मंजूर असलं तरी हा खर्च बहुतेक वेळा खिशातून होतो आणि नंतर स्वतंत्रपणे मागावा लागतो. अशा पावतीच्या खाली कधी कधी एक ओळ असते, ‘रिप्लेसमेंट: २ डोनर’. ही ओळ आली की क्लेम तपासणाऱ्याची पेन्सिल थांबते. ती का थांबते हे समजायचं तर तीस-पस्तीस वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा आपल्याकडे रक्त उघडपणे विकलं जात होतं. गरीब माणूस पैशासाठी पुनःपुन्हा रक्त द्यायचा, त्याला ‘धंदेवाईक रक्तदाता’ म्हणत. १९९० मध्ये केंद्र सरकारने ए. एफ. फर्ग्युसन या कंपनीकडून देशभरातल्या रक्तपेढ्यांची पाहणी करून घेतली. १०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना असल्याचं त्यात निघालं. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन करा, परवान्याशिवाय एकही रक्तपेढी चालू देऊ नका आणि धंदेवाईक रक्तदान दोन वर्षांत बंद करा, असं न्यायालयाने सांगितलं. १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची खरेदी-विक्री बंद झाली.

विकत देणारा माणूस एका दिवसात नाहीसा झाला, पण रक्ताची गरज तेवढीच राहिली. ती पोकळी भरून काढली ‘बदली रक्तदात्या’ने. तुमच्या पेशंटसाठी दोन पिशव्या घ्या आणि घरातली दोन माणसं आणून दोन पिशव्या परत भरा, हा तो हिशेब. ‘भरा’ हे नुसतं तोंडी सांगून कोणी भरत नाही, म्हणून पिशवीमागे अनामत रक्कम घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी पडली. दाता आला की अनामत परत, नाही आला की ती जप्त. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने पूर्ण स्वेच्छा रक्तदानाचं उद्दिष्ट ठेवलं. बदली रक्तासाठी नातेवाइकांच्या मागे लागू नका, असं रक्त संक्रमण परिषदांनी वेळोवेळी बजावलं. तरी पिशवीचा साठा कमी पडला की फोन येतोच, ‘दोन माणसं पाठवा.’

रक्त विकायचं नाही, तर मग पावतीवर पैसे कशाचे? रक्त गोळा करणं, पिशवी, संसर्गाच्या चाचण्या, घटक वेगळे करणं आणि साठवण यांचं ‘प्रक्रिया शुल्क’. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे तीन घटक निघतात आणि प्रत्येकाचं शुल्क वेगळं असतं. राष्ट्रीय परिषदेने याची कमाल मर्यादा ठरवून दिली आणि ती मधूनमधून सुधारली. २०२२ च्या सुधारणेत खासगी रक्तपेढीत लाल पेशींच्या किंवा संपूर्ण रक्ताच्या पिशवीला १५५० रुपये आणि प्लाझ्मा किंवा प्लेटलेटच्या पिशवीला प्रत्येकी ४०० रुपये अशी मर्यादा आली. सरकारी ठिकाणी लाल पेशींची पिशवी ११०० रुपयांना. एकाच दात्याकडून यंत्रावर काढलेल्या प्लेटलेट, म्हणजे एसडीपी, यांचा हिशेब निराळा. त्यात एकदाच वापरायचा महागडा किट असतो, म्हणून तो आकडा अनेक ठिकाणी अकरा हजारांच्या घरात जातो. २६ डिसेंबर २०२३ रोजी भारताच्या औषध महानियंत्रकांनी राज्यांना पुन्हा पत्र लिहून कळवलं की रक्त विक्रीसाठी नाही, फक्त प्रक्रिया शुल्क घ्या. पंचवीस वर्षांनंतरही हे लिहावं लागलं, यावरून जुनी सवय किती खोल आहे ते कळतं.

विमा मात्र दुसऱ्याच वाटेने आला. मेडिक्लेम १९८६ मध्ये सुरू झाली, म्हणजे रक्तविक्री चालू असतानाच. तिच्या जुन्या मजकुरात भूल, रक्त, प्राणवायू, शस्त्रक्रियागृह यांची एक सलग यादी असे. त्यात ‘रक्त’ एवढाच शब्द, पुढे काही नाही. रक्त मिळायला पैसे पडतात आणि ते विमा देतो, इतका साधा अर्थ होता. पुढे रक्ताच्या पैशांचं स्वरूपच बदललं, पण पॉलिसीत तो शब्द तसाच राहिला. प्रक्रिया शुल्क म्हणजेच ‘रक्ताचा खर्च’ असं धरून क्लेम मंजूर होऊ लागले आणि त्याबद्दल फारसा वाद झाला नाही. वाद निर्माण झाला तो भोवतालच्या छोट्या रकमांवर.

२०१३ मध्ये विमा नियामकाने न देण्याच्या वस्तूंची एक लांबलचक यादी काढली. त्यात ‘दात्यांच्या नमुन्यांचं रक्तगट आणि क्रॉसमॅचिंग’, म्हणजे रक्त जुळतं का याची तपासणी, हीही नोंद होती आणि तिच्यापुढे शेरा होता की हा रक्ताच्या खर्चाचाच भाग आहे, म्हणून वेगळा देय नाही. हा शेरा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचा अर्थ असा, की पिशवीच्या पैशात ही तपासणी आलेलीच आहे, तिच्यासाठी दुसऱ्यांदा मागू नका. पुढे याद्यांची फेरमांडणी झाली आणि हीच नोंद ऐच्छिक वस्तूंच्या पहिल्या यादीत विसाव्या क्रमांकावर, बाळाचे खाद्य, लाँड्री आणि टेलिफोनच्या शेजारी जाऊन बसली. शेरा मात्र गळाला. आता ती वाचणाऱ्याला एवढंच दिसतं, की क्रॉसमॅचिंग नाही द्यायचं. रक्त राखून ठेवण्याचे पैसे मात्र चौथ्या यादीत गेले. त्या यादीतले खर्च उपचारात समाविष्ट धरायचे असतात. म्हणजे रक्तपेढीच्या एकाच पावतीवरच्या ओळी वेगवेगळ्या याद्यांमध्ये विखुरल्या.

एक उदाहरण घेऊ. समजा नाशिकमधल्या एका रुग्णाला डेंग्यू झाला, प्लेटलेट खाली गेल्या आणि पोटात रक्तस्राव झाला. रुग्णालयात रक्तपेढी नाही. नातेवाइकांनी आधी साध्या प्लेटलेटच्या ४ पिशव्या आणल्या, १६०० रुपये. मग एसडीपी लागलं. दोन दाते नेले. पहिल्याची स्वतःचीच प्लेटलेट संख्या कमी निघाली, दुसरा चालला. तपासणीचे प्रत्येकी ८०० असे १६०० आणि एसडीपीचे ११,०००. शेवटी लाल पेशींच्या २ पिशव्या, ३१०० रुपये, शिवाय क्रॉसमॅचिंगचे वेगळे लावलेले ५०० आणि बदलीची अनामत २०००. एकूण १९,८०० रुपये. मग दोन मेहुण्यांनी रक्त दिलं आणि अनामत रोख परत मिळाली, पण मूळ पावती फाइलमध्येच राहिली. क्लेम १९,८०० रुपयांचा गेला.

मंजूर झाले १५,७०० रुपये. ४१०० कापले गेले: दात्यांची तपासणी १६००, क्रॉसमॅचिंग ५००, अनामत २०००.

या तिन्ही कपाती एका दर्जाच्या नाहीत. अनामतीची कपात बरोबरच आहे. ती खर्च नव्हती, आणि परत मिळालेले पैसे मागणं म्हणजे दोनदा घेणं. अनामतीची पावती हे बिल नव्हेच. तिच्या जागी रक्तपेढीकडून अंतिम बिल घ्यावं, त्यात अनामत जमा-परत दाखवलेली असावी. दाते आलेच नाहीत आणि रक्तपेढीने अनामत ठेवून घेतली, तरी ती विम्यातून मिळत नाही. ते प्रक्रिया शुल्क नाही, शिवाय बदलीसाठी पैसे अडकवणंच मुळात चुकीचं.

क्रॉसमॅचिंगची कपात वादाची आहे. क्रॉसमॅचमध्ये पिशवीतलं रक्त आणि रुग्णाचा नमुना जुळतो की नाही ते पाहतात. ती रुग्णाची तपासणी आहे, आणि यादीतला शब्द आहे ‘दात्यांच्या नमुन्यांचं’. रक्तपेढीने १५५० मध्ये सगळं धरून एकच रक्कम लिहिली असती, तर हा प्रश्नच आला नसता. इथे रुग्णाच्या नावाचा क्रॉसमॅच अहवाल लावून विमा कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहावं आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जावं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांचं कार्यालय आहे.

दात्याच्या तपासणीचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं. अनेक पॉलिसींत अवयवदात्याच्या तपासणीचा खर्च वगळलेला असतो, कारण मूत्रपिंड कोणाचं घ्यायचं हे ठरवायला चार-पाच नातेवाइकांच्या तपासण्या होतात. तेच वाक्य एसडीपीच्या दात्याला लावलं जातं. पण एसडीपीचा दाता अवयव देत नाही, आणि त्याच्या चाचण्यांशिवाय ती पिशवी कायद्याने बाहेर जाऊच शकत नाही. म्हणून ज्याच्या रक्तातून ती पिशवी तयार झाली, त्या दुसऱ्या दात्याचे ८०० रुपये प्रक्रियेचा भाग म्हणून मागता येतात. नाकारल्या गेलेल्या पहिल्या दात्याचे ८०० मात्र सोडून द्यावे लागतात. त्याच्यापासून रुग्णाला काहीच मिळालेलं नाही. दोन्ही मागण्या मान्य झाल्या, तर मंजूर रक्कम १७,००० होते.

आता पेन्सिल जिथे थांबली होती, त्या ओळीकडे येऊ, ‘रिप्लेसमेंट: २ डोनर’. ती वाचून काही तपासनीस समजतात की रक्त परत दिलंय, म्हणजे शुल्कही माफ झालं असेल. असं सहसा नसतं. बदली रक्त दिलं तरी प्रक्रिया शुल्क पूर्ण लागतं, कारण चाचण्या आणि पिशवी यांचा खर्च झालेलाच असतो. काही ठिकाणी मात्र दात्याच्या कार्डावर शुल्कात सूट मिळते. तेव्हा विमा खिशातून गेलेलीच निव्वळ रक्कम देतो. रक्तदान प्रमाणपत्राला क्लेममध्ये पैशाची किंमत नाही, पण सूट मिळाली नसल्याचं रक्तपेढीच्या शिक्क्यानिशी लिहून घेतलं, तर हा संशय तिथेच मिटतो.

आणि एक गोष्ट फायलीत हमखास राहून जाते. पिशवीचा क्रमांक. पावतीवरचा क्रमांक, क्रॉसमॅच अहवालावरचा क्रमांक आणि रुग्णालयाच्या रक्त चढवल्याच्या नोंदीतला क्रमांक हे तिन्ही जुळले की ती पिशवी याच रुग्णाच्या शिरेत गेली हे सिद्ध होतं. आणलेली पण न चढवलेली पिशवी असेल, तर ही नोंद नसते आणि ते पैसे कापले जातात. वरच्या उदाहरणातल्या ४ साध्या प्लेटलेटपैकी एक फ्रीजमध्ये ठेवून वाया गेली असती, तर १६०० ऐवजी १२०० मंजूर झाले असते. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवाव्या लागतात, फ्रीजमध्ये त्या निकामी होतात, हे घाईत आलेल्या नातेवाइकाला क्वचितच कोणी सांगतं.