‘अपरैश्च’ म्हणजे कोण? पाटणच्या शिलालेखातले दाते

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारे बहुतेक जण दोन कारणांनी जातात: चंडिकेचं दर्शन आणि पावसाळ्यातला डोंगर. तिसरं कारण भास्कराचार्य. त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ उभारला, आजोबांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत अशी व्यवस्था केली आणि ते सगळं दगडावर कोरून ठेवलं. चाळीसगावच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही एवढं ठाऊक असतं. लेखाच्या तळाशी मात्र काही मराठी ओळी आहेत, त्यांच्याकडे फारसं कुणी वळत नाही. माझ्या मते खानदेशातल्या धर्मजीवनाबद्दल त्या ओळी वरच्या सगळ्या श्लोकांपेक्षा जास्त सांगतात.

हा लेख अभ्यासकांपुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, एकोणिसाव्या शतकात. पुढे कीलहॉर्नने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तो संपादित केला. त्या काळात प्रश्न होता भास्कराचार्यांचा काळ आणि कुळ नक्की करण्याचा, आणि लेखात नेमकं तेच मिळालं: शांडिल्य गोत्र, त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेवापर्यंतची वंशावळ. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपाळाने आपल्याकडे बोलावून घेतलं आणि चांगदेव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला, हेही त्यातच आहे. इतकं हाती आल्यावर तळाच्या ओळी मागे पडल्या यात नवल नाही. नंतर त्या वाचल्या त्या मुख्यत्वे भाषेच्या अभ्यासकांनी, तेराव्या शतकाच्या आरंभीची मराठी म्हणून. शं. गो. तुळपुळ्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या संग्रहात त्या आहेत. दान कुणी दिलं आणि कशातून दिलं, हा प्रश्न या दोन्ही वाचनांत बाजूलाच राहिला.

आधी तारखेची एक गाठ सोडवू. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण असं आहे. शकात ७८ मिळवले की १२०६ येतं. पण प्रभव संवत्सर त्या वर्षी येत नाही. पडताळा घरच्या पंचांगावरही घेता येतो: शके १९०९ हे प्रभव होतं, साठाचं चक्र तेरा वेळा मागे नेलं की शके ११२९ मिळतं, म्हणजे इ. स. १२०७. त्या वर्षीच्या श्रावण पौर्णिमेला चंद्रग्रहणही होतं. म्हणून दानाचा दिवस ९ ऑगस्ट १२०७ धरतात. शकाचा आकडा एकाने चुकणं हे शिलालेखांत नेहमीचं आहे. अशा वेळी संवत्सराचं नाव आणि ग्रहण यांवर जास्त भरवसा ठेवायचा, कारण लोक वर्ष नावाने ओळखत आणि ग्रहण तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असे.

दान देणारा सोइदेव हा निकुंभ घराण्याचा, यादवांचा मांडलिक. मठाबद्दलचा श्लोक म्हणतो की सिद्धांतशिरोमणी वगैरे भास्करांचे आणि त्यांच्या वंशजांचे ग्रंथ ‘व्याख्येया मन्मठे नियतम्’, माझ्या मठात नेमाने शिकवले जावेत. पुढचा श्लोक दानाचा हिशेब सांगतो: सोइदेवाने मठाला दिलं, ‘हेमाडिना किंचिदिहापरैश्च’, हेमाडीने थोडं दिलं आणि इथल्या इतरांनीही. हेमाडी हा सोइदेवाचा भाऊ. आणि हे ‘अपरैः’, इतर, कोण? संस्कृत श्लोक त्यांच्यासाठी एकच शब्द खर्च करतो. त्या एका शब्दाचा उलगडा खालच्या मराठीत आहे.

मराठी भाग असा सुरू होतो: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे तेहाचा असिआउं जो राउला होंता ग्राहकापासी तो मढा दीन्हला.’ केणें म्हणजे विक्रीचा माल. या पाटणात जो माल विक्रीला उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून जो कर राजाला मिळत होता, तो मठाला दिला. राजाने तिजोरीतून काही काढून दिलेलं नाही. बाजारातून त्याच्याकडे येणारा एक ओघ त्याने मठाकडे वळवला. पैसे मोजणारा माणूस तोच राहिला, गिऱ्हाईक. बदलला तो घेणारा हात.

पुढचं वाक्य मला या लेखातलं सगळ्यात मोलाचं वाटतं: ‘ब्राह्मणां जें विकतेयापासीं ब्रह्मोत्तर तें ब्राह्मणीं दीन्हलें.’ यात ‘ब्राह्मण’ हा शब्द दोनदा आला आहे, दोन वेगळ्या प्रत्ययांनी. ‘ब्राह्मणां’ म्हणजे ब्राह्मणांना, ‘ब्राह्मणीं’ म्हणजे ब्राह्मणांनी. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना जो ब्रह्मोत्तर नावाचा हक्क मिळत होता, तो ब्राह्मणांनी मठाला दिला. एक वेलांटी सुटली किंवा ती दगडावरचा ओरखडा समजून सोडून दिली, तर घेणारे आणि देणारे उलटे होतात. मग वाचणारा म्हणेल की विक्रेत्यांकडून ब्राह्मणांना नवा हक्क मिळवून दिला. नीट वाचलं तर दिसतं की पाटणच्या बाजारात आधीपासून ब्राह्मणांचा गट होता, विक्रीवर त्यांचा ठरलेला वाटा होता, आणि तो त्यांनी आपल्यातल्याच एका घराण्याच्या मठाला सोडला.

म्हणून जुने लेख वाचणारे छायाचित्रावर विसंबत नाहीत. दगड धुऊन त्यावर ओला कागद बसवतात, ब्रशने हलके ठोके देत तो अक्षरांच्या खोलगटांत शिरवतात, आणि कागद सुकत आला की शाईच्या बोळ्याने वरून टिपतात. पृष्ठभाग काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात. छिन्नीने पाडलेली रेघ आणि नंतर गेलेला तडा यांतला फरक ठशात कळतो: छिन्नीच्या रेघेची खोली बऱ्यापैकी सारखी राहते, तडा अक्षराची हद्द ओलांडून वेडावाकडा पुढे जातो.

तिसरा दाता पुढच्या वाक्यात आहे: ‘ग्राहकापासीं दामाचा विसोवा आसुपाठि नगरें दीन्हला.’ विसोवा म्हणजे विसावा भाग. तो दामाचा, म्हणजे त्या नाण्याचा. मालाच्या किमतीचा नव्हे, त्यामुळे ‘पाच टक्के कर’ असं भाषांतर इथे चालणार नाही. आणि देणारं कोण? ‘नगरें’. नगराने दिलं. नगर इथे जागा नाही, कर्ता आहे. निर्णय घेऊ शकणारी, गिऱ्हाइकावर ठराविक आकार बसवू शकणारी नगरातल्या लोकांची कसली तरी बैठक पाटणला होती, हे या एका तृतीयेवरून दिसतं. वरच्या श्लोकांत तिचा उच्चारही नाही. राजा, ब्राह्मण आणि नगर असे तीन दाते झाले. राजा सोडला तर ‘अपरैः’मध्ये किमान ब्राह्मण आणि नगर एवढे लोक दडलेले आहेत.

मग वस्तूंची यादी येते. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळं, म्हणजे सुपाऱ्या. पहिल्या घाण्याची लोटी मठाला. आणि ‘जेती घाणे वाहांति’, जितके घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळीपळी तेल. पळी आपल्या स्वयंपाकघरात अजून आहे, त्यामुळे हे वाचताना आठशे वर्षांचं अंतर मला क्षणभर जाणवत नाही. मठात दिवे लागायचे, रात्री पोथी वाचायची, तर तेल लागणारच. पण या वाक्यांची घडण बघा. ब्राह्मणीं दीन्हलें, नगरें दीन्हला, तसं ‘तेल्यांनी दिलं’ इथे म्हटलेलं नाही. घाण्याची लोटी ‘मढा दीन्हली’, कर्ताच नाही. तेल घाण्यातून येतं, घाणा हाकणारा वाक्यात नाही. याच काळातल्या दुसऱ्या काही लेखांत तेल्यांचा समूह स्वतः दाता म्हणून येतो, म्हणून ही गाळलेली जागा डोळ्यांत भरते. पाटणच्या तेल्यांना विचारलं होतं की त्यांच्यावर ठरवून टाकलं होतं, यावर लेख गप्प आहे. त्यांची भक्ती किंवा त्यांची नाराजी, दोन्हींपैकी काहीही आपण आपल्या पदरचं घालू नये.

भाषा मध्येच का बदलली, याचं उत्तरही या यादीतच आहे. वंशाची थोरवी आणि पुढच्या राजांना दान पाळण्याची विनंती संस्कृतात आहे, कारण ती राजांसाठी आणि पंडितांसाठी आहे. पोफळं किती, तेल किती, हे मात्र बाजारात भांडण झालं तर वाचून दाखवायचं होतं. ते गिऱ्हाइकाला आणि घाणेवाल्याला ऐकून कळायला हवं. दगडावर मराठी आली ती वसुलीच्या गरजेने.

आसपासचे दगड शेजारी ठेवले की पाटणच्या या ओळींचं वेगळेपण कळतं. पाटणलाच महादेवाच्या देवळात शके १०७५ चा, म्हणजे साधारण १२०७ च्या अर्धशतक आधीचा, निकुंभांचाच लेख आहे. तिथे इंद्रराजाने आरंभलेलं शिवालय त्याच्या मागे राणी श्रीदेवीच्या हयातीत पुरं झाल्याचं कळतं. मुलगा लहान, कारभार तिच्या हाती. एका स्त्रीच्या हातातली सत्ता त्या लेखामुळे दिसते, बाजार मात्र दिसत नाही. गिरणेकाठी बहाळला शके ११४४ चा लेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्याच कुळातला अनंतदेव भवानीचं देऊळ बांधतो. तोही सिंघणाचा ज्योतिषी. कुळ तेच, दरबार तोच, पण पाटणच्या मठासारखी घाण्या-पोफळांची मराठी यादी तिथे नाही. देऊळ एकदा बांधून होतं. मठाला रोज खर्च असतो, विद्यार्थी जेवतात, दिवे जळतात, आणि त्यासाठी रोज चालणाऱ्या बाजाराला हात घालावा लागतो. लेखात सामान्य माणूस येतो की नाही, हे बरेचदा दान कसल्या खर्चासाठी आहे यावर ठरतं.

एक मर्यादा कायम लक्षात ठेवायची. लेख सांगतो ते ठरलेलं, घडलेलं नव्हे. पळीभर तेल किती वर्षं पोचलं, ते या दगडावरून सिद्ध होत नाही. पण ते बुडेल अशी धास्ती मात्र लिहिणाऱ्यांना होती, आणि तिच्यावरचा उपाय शेवटच्या ओळींत आहे. जे मोजायचं ते ‘मढीचेनि मापें मविजे’, मठाच्या मापाने मोजायचं. मापणावळीचा अर्धा भाग मठाला आणि अर्धा ‘मापहारी’, म्हणजे माप भरणाऱ्याला. पाटणच्या त्या बाजारात हाताने काम करणाऱ्यांपैकी लेखाने काही मिळताना दाखवलेला माणूस तो हाच.