पत्रकात काय छापू नये?

अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये पुस्तकं घ्यायला गेलं की हातात क्लासची चार पत्रकं तरी कोंबली जातात. बहुतेक पुढच्या कोपऱ्यावर बोळा होऊन पडतात. क्लासवाल्यांची समजूत अशी, की कागदाचे पैसे दिलेत तर इंच न् इंच भरला पाहिजे. डोळ्याचा हिशेब नेमका उलटा आहे.

डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी एक बारीक खळगा असतो. अक्षर लख्ख दिसतं ते तिथूनच, जेमतेम 2 अंशांच्या कोनात. पत्रक 40 सेंटिमीटरवर धरलं, तर त्यावर साधारण 1.4 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ स्पष्ट दिसतं, बाकी सगळं धूसर. नजर एका जागी सुमारे पाव सेकंद थांबते आणि पुढे उडी मारते. म्हणजे बोळा होण्याआधी पत्रकाला तीन सेकंद मिळाले, तर फार तर बारा थांबे. ए-फाइव्ह आकाराचा कागद (14.8 × 21 सेंटिमीटर) असा तुकड्यातुकड्याने पाहायचा तर दोनशेच्या आसपास थांबे लागतील.

मग हे बारा थांबे कुठे पडणार? ते बरंचसं कडेची धूसर नजर ठरवते, आणि तिला एक खोड आहे. कडेला दिसणाऱ्या अक्षराला शेजारी चिकटले, की मेंदू त्यांची खिचडी करतो. दृष्टीचे डच अभ्यासक हर्मन बाउमा यांनी 1970 मध्ये याचा ढोबळ नियम मांडला: नजरेपासून अक्षर जितकं दूर, त्याच्या निम्म्या अंतरात शेजारी नको. नजरेपासून 6 सेंटिमीटरवरच्या मजकुराभोवती 3 सेंटिमीटर मोकळे हवेत. नसतील, तर नुसती अक्षरं मोठी करून भागत नाही. शब्दातली अक्षरं एकमेकांना लागूनच असतात, त्यामुळे कडेने शब्द वाचता येत नाही. पण सुटा ठसठशीत शब्द उठून दिसतो आणि पुढची उडी तिथे पडते.

समजा, कोथरूडमध्ये दहावीच्या गणिताचा नवा क्लास निघतोय. वरच्या एक-तृतीयांश भागात फक्त ‘दहावी गणित’, भोवती पांढरी जागा. खाली ‘कोथरूड’ आणि फोन नंबर. संचालकांच्या पदव्या, फी, बॅचच्या वेळा मागच्या बाजूला. गुणवंतांचे फोटो नव्या क्लासकडे नसतातच, आणि ते एक बरं, कारण चेहरे नजर खेचून घेतात आणि ‘दहावी’ तशीच राहते. (पिवळा रंग गुरूचा म्हणून प्रवेश वाढतात, असं सांगणारे डिझायनरही भेटतात. पिवळ्या कागदावर पांढरी अक्षरं दिसत नाहीत, एवढं मात्र नक्की.)

हजार प्रती छापण्याआधी एकच प्रत काढा. अनोळखी माणसाला तीन सेकंद दाखवून काढून घ्या आणि विचारा, कसला क्लास, कुठे? ‘कसला तरी क्लास’ असं उत्तर आलं, तर गर्दी जास्त आहे. ‘दहावी’ सांगितलं पण ‘कोथरूड’ नाही, तर ते दुसऱ्या कशाला तरी चिकटलंय. दोन्ही सांगून माणसाने पत्रक परत दिलं, तर त्याच्या घरात बहुधा दहावीचं कोणी नाही. त्यावर मांडणी काही करू शकत नाही.