पहिला पीसी जोडायचा क्रम

पहिला पीसी जोडायचा क्रम म्हणजे सुटे पार्ट आणून घरी कॉम्प्युटर तयार करताना आधी काय लावायचं, मग काय, आणि कुठं थांबून तपासायचं याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात पार्ट बहुतेक ऑनलाईन येतात, नाहीतर कोणीतरी पुण्या-कोल्हापूराहून नाहीतर बेंगळुरूहून घेऊन येतं, आणि जोडणारा बहुतेक डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंगचा पोरगा असतोय. शेजारी दुसरा पीसी नसतोय की त्यातली रॅम काढून इथं लावून बघू, त्यामुळं काही चाललं नाही तर दोष नेमका कुठल्या पार्टात हे क्रमावरनंच ओळखावं लागतं.

सगळ्या रीतीचा गाभा एकच. प्रोसेसर, रॅम, कूलर आणि एसएसडी हे मदरबोर्डवर कॅबिनेटच्या बाहेर टेबलावर लावायचं, तिथंच एकदा चालू करून बघायचं, आणि चाललं तरच कॅबिनेटमध्ये घालायचं. टेबलावर चाललेला बोर्ड कॅबिनेटमध्ये गेल्यावर बंद पडला तर दोष कॅबिनेटमध्ये घालताना झालाय एवढं तरी कळतं, शोधायची जागा अर्ध्याहून कमी होते. सगळं एकदम कॅबिनेटमध्ये कोंबून बटण दाबलं आणि काहीच झालं नाही तर मग प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, फ्रंट पॅनलची वायर, सगळ्यांवरच संशय.

बाहेर लावायला दुसरंही कारण आहे. रॅम बसवायला चांगला जोर लागतोय. कॅबिनेटमध्ये बोर्ड फक्त स्क्रूच्या ठिकाणी टेकलेला असतो, मधे पोकळी, त्यामुळं दाबलं की बोर्ड वाकतोय. टेबलावर बोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला तर खालनं पूर्ण आधार मिळतो, उजेड असतो, हात दोन्ही बाजूंनी जातो. खोक्यावरच ठेवायचं हं, बोर्ड ज्या चमकत्या अँटिस्टॅटिक पिशवीत येतो त्या पिशवीवर ठेवून चालू करायचं नाही, कारण ती पिशवी बाहेरनं थोडी वीज वाहू देऊ शकते.

समजा खानापूरच्या एका पोराकडं रायझन ५ ७६००, बी६५० चा बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा एसएमपीएस आणि एक ग्राफिक्स कार्ड आहे. हा प्रोसेसर निवडायला सोयीचा कारण त्याच्यात छोटा ग्राफिक्स आतच आहे, त्यामुळं टेबलावरच्या तपासणीला कार्ड लागत नाही, एचडीएमआय बोर्डालाच लावायची. नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर घेतला, उदाहरणार्थ ७५००एफ नाहीतर इंटेलचा १२४००एफ, तर आत ग्राफिक्स नाही. मग टेबलावरही कार्ड लावावं लागतं आणि बोर्ड खोक्याच्या कडेला सरकवून कार्डाची पत्र्याची पट्टी कडेच्या खाली लोंबेल असं ठेवावं लागतं, नाहीतर कार्ड नीट बसतच नाही.

सुरुवात प्रोसेसरनं. या प्रोसेसरचं सॉकेट एएम५ जातीचं, त्यात पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८ बारीक पिना, आणि एक जरी वाकली तरी बोर्ड गेला म्हणायचा, म्हणून सॉकेटवर बोट फिरवायचं नाही, पुसायचं नाही, फुंकायचंही नाही. लिव्हर बाजूला दाबून वर घ्यायचा, चौकट उघडायची, प्रोसेसर कडेनं धरून त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता ठेवायचा. ठेवायचा म्हणजे ठेवायचाच, दाबायचा नाही. मग चौकट लावून लिव्हर खाली आणताना मात्र जोर लागतो, घाबरायला होतं, पण तेवढा जोर ठीक आहे. वरची काळी प्लास्टिकची टोपी लिव्हर बसताना आपोआप उडून निघते. ती टाकू नये, बोर्ड वॉरंटीला पाठवायची वेळ आली तर सॉकेट झाकायला तीच लागते, बरेचदा त्याशिवाय घेतच नाहीत.

पुढं रॅम. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, बोर्डावर बहुतेक A2 आणि B2 लिहिलेलं असतं. पहिला आणि दुसरा भरला तर दोन्ही रॅम एकाच चॅनलवर जातात आणि वेग कमी मिळतोय, किंवा बोर्ड चालूच होत नाही. रॅममधली खाच मध्यावर नसते, त्यामुळं उलटी बसत नाही, उलटी बसायलीय वाटली तर थांबायचं. दोन्ही टोकांना अंगठ्यानं सारखा दाब, खटका ऐकू येईपर्यंत. बऱ्याच बोर्डांना आता कुलूप एकाच बाजूला असतं, दुसऱ्या बाजूला खटका वाजतच नाही, आणि नेमकी तीच बाजू अर्धवट राहते, म्हणून सोनेरी पट्ट्या दिसतात का ते कडेनं वाकून बघायचं.

एसएसडीही इथंच लावायची, कारण नंतर ग्राफिक्स कार्ड तिच्यावर येतं. वर पत्र्याचा हीटसिंक असेल तर त्याच्या पॅडवरची प्लास्टिकची पातळ पापुद्री काढायची, हे बऱ्याच जणांचं राहतं आणि एसएसडी तापते.

७६०० सोबत खोक्यात येणारा कूलर स्क्रूचा आहे. बोर्डावर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे हूक असतात ते आधी सोडवायचे, मग कूलरचे चार स्क्रू तिथं जातात. जुन्या एएम४ मध्ये हूक सोडवले की मागची पट्टी खाली पडायची, एएम५ मध्ये ती सॉकेटलाच धरून राहते, तेवढी एक कटकट कमी. या कूलरच्या तळाला राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते, तिला हात लावायचा नाही, वर अजून पेस्ट घालायची नाही. स्क्रू एक पूर्ण आवळून दुसरा असं नाही, समोरासमोरचे दोन थोडे थोडे, मग उरलेले दोन, असं फिरत. फॅनची वायर CPU_FAN लिहिलेल्या जागी.

आता तपासणी. एसएमपीएसच्या दोन वायरी लावायच्या, २४ पिनची मोठी आणि बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची. या ८ पिनमध्ये घोळ होतो. प्रोसेसरची वायर चार आणि चार अशी दुभंगते, ग्राफिक्स कार्डाची सहा आणि दोन अशी, आणि दोन्ही वेगळ्या, जोर लावून एकीच्या जागी दुसरी घुसवायची नाही. मॉनिटर बोर्डाला. चालू करायला PWR_SW लिहिलेल्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडायच्या, शॉक लागत नाही, तिथं व्होल्टेज फार कमी असतं. कूलर न लावता चालू करायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

इथंच पहिल्यांदा जोडणारे सगळ्यात जास्त घाबरतात. फॅन फिरतो, स्क्रीन काळी, आणि बोर्डावर DRAM लिहिलेला दिवा पेटून राहतो. रॅम खराब आली म्हणून लगेच बंद करतात, परत चालू, परत बंद, आणि पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू. डीडीआर५ च्या पहिल्या सुरुवातीला बोर्ड रॅमशी वेळ जुळवून घेत असतो, त्याला एक-दोन मिनिटं लागतात, कधी पाच-दहाही. तेवढा वेळ थांबायचं, हात लावायचा नाही. पंधरा मिनिटं झाली तरी काळीच, तर प्लग काढून एकच रॅम A2 मध्ये ठेवून बघायचं. चाललं तर दुसरी रॅम त्याच जागी घालून बघायची. दोन्ही एकेकट्या चालल्या आणि मिळून नाही चालल्या तर दोष स्लॉटमध्ये किंवा प्रोसेसर नीट न बसण्यात शोधायचा, रॅम परत पाठवायची घाई नको.

स्क्रीन आली की Delete दाबून बायोसमध्ये जायचं. तिथं प्रोसेसरचं नाव बरोबर आहे का, रॅम ३२ जीबी दिसते का, एसएसडी दिसते का, आणि प्रोसेसरचं तापमान बघायचं. चाळीस-पन्नास अंशाच्या आसपास स्थिर असेल तर कूलर बसलाय. दोन मिनिटांत ऐंशीच्या वर चढायला लागलं तर बंद करून स्क्रू बघायचे. बायोस अपडेट करायचं असेल तर लाईट जायची भीती असताना, म्हणजे जोराचा पाऊस चालू असताना करू नये, शक्यतो यूपीएसवर करावं.

एक गोष्ट इथल्या जुन्या घरांसाठी. तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंगची वायर आतून जोडलेलीच नसते असं बरेचदा आढळतं, आणि एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळं मग कॅबिनेटच्या पत्र्यावर थोडा करंट येतोय, हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, टेस्टर लावला की मंद पेटतो. हा बोर्डाचा दोष नाही, इलेक्ट्रिशियनकडनं अर्थिंग करून घ्यायचं. अंगातली स्थिर वीज हा वेगळा विषय, तिचा त्रास पावसाळ्यात कमी आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत जास्त. पार्ट हातात घ्यायच्या आधी पत्र्याच्या उघड्या भागाला हात लावायचा.

टेबलावर चाललं की प्लग काढून दोन्ही वायरी सोडवायच्या, बाकी सगळं बोर्डावर तसंच ठेवायचं. कॅबिनेटमध्ये आधी एसएमपीएस, मग बोर्डाच्या पोर्टची पत्र्याची पट्टी, ती सुटी असेल तर विसरायचीच नाही कारण नंतर लावायला अख्खा बोर्ड परत काढावा लागतो. बोर्ड ज्यांच्यावर टेकून स्क्रूनं बसतो ते पितळी स्टँडऑफ फक्त बोर्डाला भोकं आहेत तिथंच हवेत. जास्तीचा एक राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. ८ पिनची वायर बोर्ड घालायच्या आधीच वरच्या कोपऱ्याच्या भोकातनं ओढून ठेवायची, कूलर मोठा असेल तर नंतर तिथं हात जात नाही. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी.

बटण दाबलं आणि मेलेलं असेल तर आता संशय थोड्यांवरच. एसएमपीएसच्या मागचा स्विच, ८ पिनची वायर, फ्रंट पॅनलची वायर चुकीच्या पिनांवर, आणि जास्तीचा स्टँडऑफ. बटणाच्या वायरीचं उलट-सुलट चालतं, दिव्याच्या वायरीचं चालत नाही. फॅन फिरतायत पण स्क्रीन काळी, तर आधी एचडीएमआय बोर्डाला लागलीय का कार्डाला ते बघायचं, सवयीनं बोर्डालाच लावली जाते.

रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवायचं बायोसमधलं EXPO हे सेटिंग इतका वेळ बंदच ठेवायचं. विंडोज टाकून एक-दोन दिवस नीट चाललं की मग चालू करायचं. चालू केल्यावर पहिल्या वेळेसारखीच काळी स्क्रीन परत दिसते, तेव्हाही थांबायचं, आणि शेवटपर्यंत आलीच नाही तर बायोस रिसेट करून जुन्या वेगावर यायचं, रॅम त्या वेगाला चालत नाही एवढाच त्याचा अर्थ.