सॉसेज आणि सिगारेट एकाच गटात, मग धोकाही सारखाच?

“सॉसेज, सलामी सिगारेटइतकीच घातक आहे ना? मग मटणही बंद करायचं का?”

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, तिथे तंबाखूही आहे. पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही.

रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. समजा, शंभरातल्या सहा जणांना तो आयुष्यात कधीतरी होणार असेल, तर रोज खाणाऱ्या शंभरांत साधारण सात जणांना होईल. तंबाखूने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

खाटकाकडचं ताजं मटण, अगदी खिमासुद्धा, प्रक्रिया केलेलं नव्हे. लाल मांस ‘बहुधा कारक’ गटात आहे, कारण तिथला पुरावा कमी पक्का आहे. खारवलेलं, धुरावलेलं किंवा टिकण्यासाठी नायट्राइट हे रसायन घातलेलं ते प्रक्रिया केलेलं; गोव्याचं चोरीससुद्धा त्यातच येतं. पाकिटावर ‘सोडियम नायट्राइट’ किंवा २५० हा क्रमांक शोधा. मात्र तो नसला तरी खारवलेलं मांस याच गटातलं. ते रोजच्या डब्यात नको, एवढं मी आग्रहाने सांगेन.